सात नंबरच्या यंत्राचा दादू

दातिवऱ्याच्या दादू तामोऱ्याने आयुष्यात वीसेक यंत्रं उभी केली आणि त्यातली बहुतेक कधी चालली नाहीत. यात त्याच्या कसबाचा काही दोष नव्हता. ती चालवण्यासाठी उभी केलेलीच नव्हती. हे वाचून कुणाला वाटेल की म्हातारा काहीतरी फेकतोय, तर वाटू द्या. बोईसर स्टेशनच्या रस्त्यावर मी टाइपरायटर घेऊन बसत असे, आणि त्या यंत्रांचे सगळे कागद माझ्याच बोटांखालून गेलेले आहेत.

दादू जातीचा मच्छीमार, पण पाण्याला जरा बिचकणारा. लहानपणी होडीत बसला की त्याचं सगळं लक्ष इंजिनाकडे. बापाने दोनदा मारलं, तिसऱ्यांदा पालघरला फिटरचं काम शिकायला पाठवून दिलं. हात मात्र असे, की स्क्रू घट्ट बसला की नाही हे तो आवाजावरून सांगे. बायको हंसा म्हणायची, "घरवाला रात्री झोपतो तवा पण कान उघडं. कपाटाचं बिजागर करकरलं तर उठून तेल घालून येतो." हंसाचं बोलणं नेहमी चार आणे जास्त असे, तेव्हा यातलं बिजागर खरं आणि रात्र खोटी धरा.

सत्तरच्या दशकात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शेडी उगवू लागल्या, तेव्हा दादूला शिवाजीशेठकडे नोकरी लागली. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मच्छीमारी जाळ्यांचे उत्पादक'. रस्त्याच्या पलीकडे तशीच शेड, तशीच पाटी, ती पंढरीशेठची. हे दोघे साडू. म्हणजे बायका सख्ख्या बहिणी, आणि नवरे एकमेकांच्या ताटातल्या पोळ्या मोजणारे. एकाने पंखा घेतला की दुसऱ्याने दोन घ्यायचे. गोष्ट साडूपणावर थांबली असती तर गंमत तेवढ्यावरच संपली असती. पण मध्ये नायलॉनचं सूत आलं.

त्या काळी जाळ्याचं चांगलं सूत बाहेरच्या देशातून यायचं, आणि बाहेरचं काहीही आणायचं तर सरकारचा परवाना लागायचा. आमच्या भागातल्या जाळीवाल्यांसाठी मिळून वर्षाला बारा टन सूत मंजूर होतं. ना एक किलो जास्त, ना कमी. ते वाटायचं कसं? तर ज्याच्याकडे जितकी यंत्रं, तितका त्याचा वाटा. सरकारी भावाने मिळालेलं हे सूत बाजारात जवळजवळ दुपटीने जायचं, कारण गरज सगळ्या किनाऱ्याला आणि परवाना दोघांनाच. विकायला मनाई होती, जाळीच विणायची असा कागद होता. पण विणायला मजूर हवेत, वीज हवी, डोकं हवं. सुताची पेटी तशीच मागच्या दाराने सोडली तर यातलं काहीच नको.

पहिल्या वर्षी दोघांकडे दोन-दोन यंत्रं, म्हणून सहा-सहा टन. शिवाजीशेठला शहाणपण सुचलं. त्याने सुरतेहून भंगारात निघालेली आणखी दोन आणली. झाली चार. पुढच्या वाटपात त्याला आठ टन आणि साडूला चार. पंढरीशेठच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही म्हणतात. त्याने सहा केली. याने आठ. त्याने दहा. याने दहा. आणि दोघांची दहा-दहा झाल्यावर वाटप झालं ते किती? पुन्हा सहा-सहा टन! दोन वर्षं धावाधाव करून दोघे जिथून निघाले तिथेच येऊन उभे. मधल्या काळात सोळा यंत्रं वाढली, शेडी वाढल्या, माणसं वाढली, आणि जाळं मात्र एकही वाढलं नाही.

ही सगळी यंत्रं दादूने उभी केली. शिवाजीशेठच्या नोकरीत असला तरी सुट्टीच्या दिवशी पंढरीशेठकडेही जायचा, कारण पंचक्रोशीत तसा दुसरा हात नव्हता. पहिलं यंत्र जोडून झालं तेव्हा त्याने हौसेने विचारलं, "शेठ, चालू कवा करायचं?"

"चालू?" शिवाजीशेठ चकित झाला. "दादू, याला हिरवा रंग मार. तपासणीवाले येतील तेव्हा चकाकलं पाहिजे."

"पन आतले दोन पट्टे नाय त्याला."

"पट्टे बाहेरून दिसतात का?"

"नाय."

"मग कशाला दुखतंय तुझं?"

दादूचं दुखायचं. तरी तो रंग मारायचा, नंबराची पत्र्याची पट्टी ठोकायचा. तपासणीचा माणूस यायचा, एक, दोन, तीन म्हणत मोजायचा, जेवायला बसायचा. जेवण पुष्पलतावहिनींच्या हातचं असे. या शिवाजीशेठच्या पत्नी. पापलेटाचं त्यांचं कालवण खाल्लेला अधिकारी यंत्राच्या आत डोकावल्याचं मी ऐकलेलं नाही. पलीकडे त्यांची बहीण तेच कालवण करायची. अधिकाऱ्याला एका दिवसात दोनदा जेवावं लागे, एवढाच काय तो त्या खात्यातला त्रास.

शेठ लोकांचं खरं काम कारखान्यात नव्हतंच, ते मुंबईत होतं. आठवड्यातले चार दिवस शिवाजीशेठ कुठल्या ना कुठल्या कार्यालयाच्या बाकावर बसलेला. समोरच्या बाकावर पंढरीशेठ. हा म्हणणार साडूची यंत्रं जुनी, तो म्हणणार साडूची यंत्रं खोटी, आणि दोघांचं म्हणणं खरं. तक्रारीचे दोन्ही अर्ज मीच टाइप केलेले. सकाळी एकाचा, दुपारी दुसऱ्याचा, मजकूर तोच, फक्त नावांची अदलाबदल. माझं पोट त्यावर चालायचं, तेव्हा मी कुणाला नावं ठेवतोय असं समजू नका. त्या सुतावर शेठ जगत होते, वकील जगत होते, मी जगत होतो, पुष्पलतावहिनींचा मासळीवाला जगत होता. एवढी हुशार माणसं, एवढा वेळ, आणि सगळं बळ लागलं होतं ते बारा टनांच्या ढिगातला वाटा आपल्याकडे ओढायला. बाराचे तेरा करायला कुणाचा एक दिवसही गेला नाही.

मग एक दिवस हे दोन वैरी एक झाले. झालं असं की दातिवऱ्याच्या मच्छीमार संस्थेने अर्ज केला. आम्हालाच सूत द्या, आमची जाळी आम्ही हाताने विणतो. अर्जावर पहिली सही नामदेव तामोऱ्याची. नामदेव म्हणजे दादूचा मोठा भाऊ, होडीवाला, आवाज असा की खाडीच्या पलीकडून ऐकू यावा. बारा टनांत तिसरा वाटेकरी! दोघे हातात हात घालून माझ्याकडे आले, मी तर खुर्चीतून पडायचाच बाकी. जाळी उत्पादकांचा संघ काढला. सभासद दोन. एक अध्यक्ष, एक चिटणीस, दर सहा महिन्यांनी बदली. संघाचा पहिला ठराव असा: अननुभवी हातांत मौल्यवान कच्चा माल वाया जाईल, सबब तो प्रस्थापित उत्पादकांकडेच राहावा.

"अननुभवी?" मी टाइप करता करता विचारलं. "कोळ्याला जाळं विणता येत नाही?"

"तू टाइप कर रे," अध्यक्ष म्हणाले.

मी टाइप केलं. चार महिने मुंबईला खेटे घालून दोघांनी तो अर्ज पाडला. या कामात त्यांची गाडी दोनदा बिघडली आणि मंत्रालयातल्या शिपायांची घरं पापलेटांनी भरली.

नामदेवचं सुती जाळं त्या पावसाळ्यात कुजलं. नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो, होड्या निघतात. त्या दिवशी जाळं नसेल तर मोसमभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जायचं, आणि स्वतःची होडी किनाऱ्यावर पालथी. नामदेवसारख्या माणसाला ते मरणच. चोरबाजारातलं सूत त्याच्या आवाक्याबाहेर. आणि ते चोरबाजारातलं सूत यायचं कुठून? धाकट्या भावाने रंगवलेल्या यंत्रांच्या नावावर.

नामदेव एके दुपारी सरळ कारखान्यात आला. दादू डबा खात होता.

"काय रं फिटर, पाटीवर जाळी लिवलंय. मना एक दे."

"दादा, हितं जाळी होत नाय."

"मंग काय होतंय?"

"काय नाय होत."

"हां! दहा यंत्रं काय नाय करतात. आई विचारत होती, तुझा दादू काय काम करतो. सांगतो मी तिला. काय नाय करतो, पन लय चांगलं करतो."

नामदेव हसत गेला, पण दादूचा डबा तसाच राहिला. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो जेवेनासा झाला. शेठ मुंबईत, शेड रिकामी. याने सात नंबरच्या यंत्राचं पोट उघडलं. दोन नंबरचा पट्टा काढला, पाचचे दाते, नऊची गाठ मारायची चकती. नऊ यंत्रांची आतडी काढून एकाच्या पोटात घातली. हंसाने विचारलं, "जेवत का नाय?" तर म्हणाला, "ते आजारी हाय, त्याला बरं करतोय." तिला वाटलं कुणी कामगार आजारी असेल, तिने पेज पाठवली. ती मी प्यालो.

तीन आठवड्यांनी फुटक्या रिळांवरचा उरलासुरला दोरा लावून त्याने बटण दाबलं, आणि सात नंबर खडखडलं. हातभर जाळं बाहेर आलं. गाठ न् गाठ पक्की. त्याने ते कापून खिशात ठेवलं आणि कुणाला बोलला नाही. शेठला सांगून काय उपयोग? शेठ म्हणाला असता, रंग खराब झाला का बघ.

तपासणीला त्या वर्षी नवे साहेब आले. चष्मेवाले, बारीक, आणि सर्वांत वाईट म्हणजे शाकाहारी. पुष्पलतावहिनींच्या कालवणाचं पातेलं तसंच परत गेलं तेव्हाच शिवाजीशेठच्या कपाळावर घाम आला. यंत्रांचे कागद घेऊन शेठने मलाही उभं केलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं.

साहेबांनी मोजलं. दहा. मग म्हणाले, "छान. आता चालवून दाखवा."

"साहेब, लाईट गेलेली आहे हो," शिवाजीशेठ हात जोडून म्हणाला.

साहेबांनी वर पाहिलं. डोक्यावर पंखा गरगरत होता.

"तो... तो हवेने फिरतो," शेठ म्हणाला.

साहेब हसले नाहीत. शेठ दादूकडे बघून डोळ्यांनी खुणावत होता, काहीतरी कर, फ्यूज उडव, मर. दादूने खिशात हात घातला. तिथे ते हातभर जाळं होतं. त्याने पाहिलं शेठकडे, मग साहेबांकडे.

"सायेब, सात नंबर चालतं."

शिवाजीशेठने अशी मान वळवली, की मला वाटलं ती परत येणारच नाही.

गोदामातली रिळं आणून लावली. बटण दाबलं. खडखड खडखड करत पांढरंशुभ्र जाळं उलगडत आलं. साहेब घड्याळ काढून उभे राहिले. पंधरा मिनिटांत शेठचा चेहरा खुलला. त्याच्या लक्षात आलं की यंत्र चालतंय, आणि झकास चालतंय! तो पुढे सरसावला, "बघा साहेब! अशी दहा! क्षमता बघा! आमचा वाटा खरं तर वाढवायलाच हवा."

इथेच तो फसला. साहेबांनी पेन काढलं.

"एका पाळीत हे किती सूत खाईल?"

"वीस किलो," दादू म्हणाला. कामाचं विचारलं की तो खोटं बोलूच शकत नसे.

"म्हणजे कामाच्या तीनशे दिवसांत सहा टन. तुमचा वर्षाचा वाटा सहा टन." साहेब शेठकडे वळले. "एकट्या सात नंबरला पुरेल एवढंच सूत आहे तुमच्याकडे. बाकीची नऊ कशासाठी आहेत? आणि दहाही चालत असतील, तर महिन्याभरात सूत संपतं. मग अकरा महिने काय करता?"

शेठ म्हणाला, "देखभाल."

मला हसू फुटलं, तसे हातातले कागद मी तोंडावर धरले.

"हे जे आता विणलं जातंय," साहेबांनी विचारलं, "ते कुणाच्या मागणीचं? गिऱ्हाइकाचं नाव?"

मी दहा वर्षं त्या शेडीचे कागद टाइप केले, त्यात गिऱ्हाइकाची नावं मीच रचायचो. पण तोंडी सांगायची वेळ आली तेव्हा मला एकही आठवेना. शेठ माझ्याकडे बघतोय, मी छपराकडे. तेवढ्यात यंत्राच्या आवाजावरून दादू ओरडला,

"नामदेव तामोरे, दातिवरे! पापलेटाचं जाळं. नारळी पुनवेच्या आदी द्यायचं हाय!"

साहेबांनी शेठकडे पाहिलं. "खरं?"

आता नाही म्हणावं तर विणतोय कुणासाठी? आणि हो म्हणावं तर विणावं लागणार. शिवाजीशेठने असा होकार दिला की जणू दात काढून घेतला.

"दर सरकारी भावाचा ना?" साहेब लिहीत म्हणाले. "सूत अधिक मजुरी. मी पौर्णिमेला दातिवऱ्याला येतो. जाळं होडीत दिसलं पाहिजे." मग ते रस्ता ओलांडून पंढरीशेठकडे गेले. तिथे दाराला भलंमोठं कुलूप, आणि खडूने लिहिलेली पाटी: 'कुलदैवतानिमित्त आज सुट्टी'. खडूची भुकटी अजून उंबऱ्यावर पडलेली होती.

साहेब गेल्यावर शेठ दादूवर धावला. "घरभेद्या! कुणाचं मीठ खातोस?"

"तुमचंच, शेठ. जाळीवाल्याचं खातो असं समजत होतो."

"उद्यापासून येऊ नकोस!"

"बरं. मंग सात नंबर कोन चालवील?"

शेठने बोटांवर मोजलं. पौर्णिमेला सोळा दिवस होते. "उद्या लवकर ये," असं म्हणून तो निघून गेला.

ते सोळा दिवस शिवाजीशेठ मुंबईला गेला नाही. जाणार कसा? जाळं झालं नाही तर परवानाच जायचा. पहिले दोन दिवस तो रागाने बसून राहिला. तिसऱ्या दिवशी रीळ संपलं तेव्हा त्याने स्वतः आणून दिलं. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "दादू, ही गाठ बसते कशी रे?" स्वतःला दहा वर्षं जाळ्यांचा उत्पादक म्हणवणाऱ्या माणसाने जाळं होताना पहिल्यांदा पाहिलं. आठव्या दिवशी पुष्पलतावहिनी डबा घेऊन आल्या तर नवरा गुडघ्यावर बसून भोकं मोजतोय. त्या मला म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस संध्याकाळी घरी जेवला हो, आणि साडूचं नावही काढलं नाही."

साडूचं मात्र चालूच होतं. पंढरीशेठ एकटाच मुंबईला जाऊन कळवून आला, की शिवाजी चक्क जाळी विणतो आहे आणि यामुळे संघाच्या शिस्तीला बाधा येते. तो अर्ज माझ्याकडून टाइप करून घेतला नाही, म्हणून त्यात ही मौज राहून गेली. मी असतो तर निदान 'चक्क' खोडलं असतं.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी टेम्पोतून जाळं दातिवऱ्याला आलं. दादू मागे जाळ्यावरच बसलेला, राजासारखा. किनाऱ्यावर होड्या रंगवलेल्या, बायका नटलेल्या, नारळ तयार. नामदेवने जाळ्याचं एक टोक धरून ताणलं, गाठींवरून अंगठा फिरवला, सूर्याकडे धरून पाहिलं. दादू श्वास रोखून उभा. आईसमोर परीक्षा द्यायला उभं राहावं तसा.

"कोनी केलं?" नामदेवने विचारलं.

"सात नंबरनी," दादू म्हणाला.

"गप रं. बरं झालंय." भावाने एवढंच म्हटलं आणि जाळं होडीत चढवायला चार माणसं हाकारली. पण मागे वळून त्याने आपल्या ठेवणीतल्या आवाजात सगळ्या किनाऱ्याला ऐकवलं, "आमच्या दादूनं केलंय! दर्याला भिणाऱ्यानं!"

साहेब आले, चपला हातात घेऊन वाळूतून. जाळं पाहिलं, पावती पाहिली, नामदेवची सही घेतली. हे सगळं गाव बघत होतं, आणि गावाला एक गोष्ट कळली. सरकारी भावाने जाळं मिळतं! शिवाजीशेठ टेम्पोत चढणार, तोच त्याला घेरा पडला.

"शेठ, मना पन एक!"

"माजं आदी लिवा, माजी होडी मोठी हाय!"

"शेठ, जाळ्याचं डोळं जरा बारीक ठेवा हां आमच्यात!"

शेठने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी वही उघडून पेन शेठच्या हातात दिलं. "लिहून घ्या. गिऱ्हाइकं आहेत तुमची." तिथे वाळूत उभ्या उभ्या शिवाजीशेठने अकरा नावं लिहिली, आणि एवढा घाबरलेला माणूस एवढा खूश मी पुन्हा पाहिला नाही.

साहेबांनी वर शिफारस केली की वाटा यंत्रांवरून नको, विकलेल्या जाळ्यांवरून द्या. ती कुठल्या तरी कपाटात गेली, साहेबांची बदली झाली. पण थोड्या वर्षांनी ते सूत खुल्या यादीतच आलं. कुणीही मागवावं. झालं, सरकारी आणि बाजारभावातली फट मिटली, परवान्याची किंमत कागदाएवढी. पंढरीशेठने दहाही यंत्रं भंगारात घातली आणि सिमेंटच्या परमिटामागे लागला. बाक बदललं, बसणं तेच. माझ्याकडचे अर्ज निम्मे झाले, त्याचं मला वाईट वाटलं हे लपवत नाही.

पण त्या पौर्णिमेची दुपार सांगायची राहिली. होडी फुलांनी सजून लाटांवर चढली, नामदेव सुकाणूवर, नवं जाळं मधोमध. बायकांनी गाणं धरलं. हंसाने दादूला कोपराने ढोसलं, "जा की चढून, एवढं तरी जा!" दादूने पाण्याकडे पाहिलं, लाटेकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला,

"अकरा जाळी म्हणजे एकट्या सातला जड होईल. तुमच्याकडं कोरा कागद हाय का? चार नंबरला काय काय लागंल ते लिवून घेतो."

मी खिशातला कागद दिला. त्याच्या मागच्या बाजूला संघाच्या ठरावाची प्रत होती. दादूने ती वाचली नाही. उलटून मांडीवर घेतली आणि लिहायला लागला.